नोकरी सुटताना: हिशेबाचा कागद आणि सहीचे मोल

दक्षिण बंगळुरातील बनशंकरी ही देवीचे मंदिर, भाजीबाजार आणि मेट्रोचे स्थानक यांच्या भोवती वाढलेली वस्ती आहे. येथील अनेक घरांचा निर्वाह संगणक-व्यवसायातील नोकऱ्यांवर चालतो, आणि त्यांत बेळगाव, सोलापूर, कोल्हापूर या भागांतून येऊन स्थिरावलेली मराठी घरेही आहेत. अशा घरांना गेल्या काही वर्षांत एका नव्या पत्राची ओळख झाली आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यानंतर बंगळूर आणि पुणे या दोन्ही ठिकाणच्या कर्मचारी-संघटनांनी आपापल्या राज्यांच्या कामगार खात्यांकडे तक्रारी नेल्या. लहानमोठ्या इतर कंपन्यांतूनही अशी पत्रे निघतच असतात.

पत्र आले म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो पुढच्या नोकरीचा. तो स्वाभाविक आहे. परंतु त्याआधी दोन-चार दिवसांत उरकावयाचे एक काम असते, आणि ते पुढे ढकलता येत नाही. ते काम म्हणजे कंपनी जे देऊ करते आहे त्याचा हिशेब मांडणे आणि त्यावर बोलणी करणे. या लेखात तेवढ्याच कामाचा विचार करावयाचा आहे.

दोन निरनिराळ्या थैल्या

या बोलणीचे सारे सूत्र एका भेदात आहे. नोकरी संपताना मिळणारा पैसा दोन प्रकारचा असतो. एक, जो कायद्याने किंवा नेमणूकपत्राने आपलाच झालेला असतो आणि कंपनी केवळ तो आपल्या हवाली करते. दुसरा, जो कंपनी आपखुशीने वर देते. त्याला सानुग्रह रक्कम म्हणतात. कंपनी आपल्यापुढे जो करार ठेवते त्यात बहुधा एक वाक्य असते, की आता माझा कंपनीवर कोणताही दावा उरलेला नाही. आपली सही म्हणजे या वाक्याला दिलेली संमती. साहजिकच या सहीचे मोल म्हणून जे मिळते ते फक्त दुसऱ्या थैलीतले असते. पहिली थैली सही न करताही आपलीच आहे.

व्यवहारात मात्र या दोन्ही थैल्या एकात ओतून एकच आकडा सांगितला जातो. "तुम्हांला साडेपाच महिन्यांचा पगार देत आहोत" असे वाक्य ऐकताना उदार वाटते. ते खरोखर उदार आहे की नाही हे थैल्या वेगळ्या केल्यावाचून कळत नाही.

हे समजण्यासाठी बनशंकरीतील एक कुटुंब कल्पू. घरातील सून एका संगणक-कंपनीत चाचणी-अभियंता आहे, मुलगा शाळेत शिक्षक आहे, आणि सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांवर आली आहे. तिचा खर्च सुनेच्या कंपनीच्या सामूहिक आरोग्यविम्यातून व्हावयाचा आहे. सुनेची नोकरी आठ वर्षे सात महिने झालेली आहे. तिचा एकूण मासिक पगार १,२०,००० रुपये असून त्यातील मूळ वेतन ६०,००० रुपये आहे. नेमणूकपत्रात सूचनेची मुदत दोन महिन्यांची लिहिली आहे. तिच्या २४ दिवसांच्या रजा शिल्लक आहेत. कंपनीने तिला पत्र दिले: आपले पद रद्द झाले आहे, सर्व मिळून साडेपाच महिन्यांचा पगार म्हणजे ६,६०,००० रुपये देण्यात येतील, आणि कागदपत्रे उद्यापर्यंत पूर्ण करावीत.

पहिल्या थैलीचा हिशेब

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर पतिपत्नी कागद घेऊन बसली असे समजा. त्यांनी पुढीलप्रमाणे मांडणी करावी.

पहिली रक्कम सूचनेच्या मुदतीची. नेमणूकपत्रात दोन महिने लिहिले असतील तर कंपनीने दोन महिने आधी सांगितले पाहिजे, नाहीतर तेवढा पगार दिला पाहिजे. येथे तो २,४०,००० रुपये होतो. नेमणूकपत्र मोघम असले तरी कर्नाटकात १९६१ चा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा पाठीशी आहे. व्यवस्थापकीय पदांवरील माणसे सोडून, सहा महिने सलग नोकरी झालेल्यास वाजवी कारण असल्याशिवाय, आणि निदान एक महिन्याची सूचना किंवा तिच्याऐवजी पगार दिल्याशिवाय, काढता येत नाही असे त्यात म्हटले आहे.

दुसरी रक्कम उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची. पाच वर्षे सलग नोकरी झाली की हा हक्क उत्पन्न होतो. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागावे, आलेल्या संख्येला १५ ने गुणावे, आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणावे. सहा महिन्यांहून अधिक असलेला शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. त्यामुळे आठ वर्षे सात महिने म्हणजे नऊ वर्षे. साठ हजारांच्या वेतनावर ही रक्कम ३,११,५३८ रुपये येते.

तिसरी रक्कम शिल्लक रजेची. तिचा दर कंपनीच्या नियमांत दिलेला असतो. येथे तो मूळ वेतनावर धरला तर दिवसाला २,००० रुपये, आणि चोवीस दिवसांचे ४८,००० रुपये.

आता बेरीज करावी. २,४०,००० अधिक ३,११,५३८ अधिक ४८,००० मिळून ५,९९,५३८ रुपये झाले. कंपनीने देऊ केलेल्या ६,६०,००० मधून ते वजा केले की उरतात ६०,४६२ रुपये. साडेपाच महिन्यांच्या पगारातून दुसऱ्या थैलीत खरोखर पडला तो अर्धा महिना! एवढ्या रकमेसाठी सर्व दावे सोडून द्यावयाचे की नाही, हा प्रश्न आता स्वच्छ रूपात समोर येतो. एका कोऱ्या कागदावरील पाच ओळींचे हे काम आहे. परंतु ते केल्याशिवाय बोलणीला बसू नये.

शब्दावर पैसा अवलंबून असतो

या हिशेबात आणखी एक रक्कम येऊ शकते, आणि ती येते की नाही हे एका शब्दावर ठरते. आपण बोलताना ज्याला 'लेऑफ' म्हणतो, त्याचा कायद्यातील अर्थ वेगळा आहे. तेथे लेऑफ म्हणजे कच्चा माल, वीज इत्यादींच्या अभावी मालकाने काही काळ काम देऊ न शकणे. नोकरी त्यात तुटत नाही. पद रद्द करून माणसाला कायमचे कमी करणे याला कायदा 'छाटणी' म्हणतो, आणि भरपाईचा हक्क या छाटणीला जोडलेला आहे.

हा हक्क १९५३ सालचा आहे. त्या वर्षी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन, सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे असे ठरले. शब्दाचा अर्थ किती महाग पडू शकतो याचा अनुभव लगेच महाराष्ट्रातच आला. मिरज, पंढरपूर, बार्शी, लातूर या भागांत धावणारी बार्शी लाईट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेतली, आणि तत्पूर्वी कंपनीने आपल्या कामगारांना सेवासमाप्तीच्या सूचना दिल्या. ही छाटणी आहे, भरपाई द्या, असे कामगारांचे म्हणणे पडले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये निर्णय दिला, की चालू असलेल्या धंद्यातून जादा माणसे कमी करणे म्हणजे छाटणी; सारा धंदाच मालकाच्या हातून गेला तर तिला छाटणी म्हणता येत नाही. कामगारांची मागणी त्या एका व्याख्येवर फेटाळली गेली. पुढे १९५७ मध्ये संसदेने दुरुस्ती करून धंदा हस्तांतरित किंवा बंद झाल्यावरही भरपाईची सोय केली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची छाटणी करताना एक महिन्याची कारणासह लेखी सूचना किंवा तेवढे वेतन, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, हा नियम तिच्यातही आहे. शिवाय पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरावी आणि ती छाटणीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, अशी नवी तरतूद झाली आहे.

परंतु हे सर्व 'कामगारा'साठी आहे. कामगार म्हणजे केवळ यंत्रावर राबणारा असे नव्हे. कारकुनी आणि तांत्रिक काम करणाराही त्या व्याख्येत येतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय अधिकार चालवणारा, आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, हे त्यातून वगळलेले आहेत. येथे पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व असते. आपण इतरांना नेमतो का, काढतो का, त्यांची रजा मंजूर करतो का, की स्वतःच दिवसभर तांत्रिक काम करतो, हे पाहिले जाते. आपल्या उदाहरणातील सूनबाईंच्या हाताखाली कोणी नाही; त्या स्वतः चाचण्या घेतात. म्हणजे आपण कामगार आहोत असे म्हणण्यास त्यांना चांगला आधार आहे. कंपनी अर्थात ते सहजी मान्य करणार नाही. ते मान्य झाले तर साठ हजारांच्या वेतनावर वर्षाला सुमारे ३०,००० प्रमाणे नऊ वर्षांचे २,७०,००० रुपये पहिल्या थैलीत वाढतात, आणि तिची बेरीज ८,६९,५३८ रुपये होते. ज्या आकड्याला आपण देणगी समजत होतो तो हक्काहूनही दोन लाखांनी कमी असल्याचे आता दिसून येते.

राजीनामा की सेवासमाप्ती?

येथेच सर्वांत मोठा धोका असतो. पुष्कळदा एचआर विभागातील अधिकारी अत्यंत सौजन्याने सुचवतात, "मॅडम, तुमच्या पुढच्या नोकरीच्या दृष्टीने राजीनामा दिलेला बरा दिसेल. पोर्टलवर तेवढा भरून टाका." त्यांच्या बोलण्यात काही वेळा खरी सहानुभूतीही असते. पण स्वतःहून नोकरी सोडणे हे कायद्याने छाटणीच्या व्याख्येत बसत नाही. राजीनामा दिला की छाटणीची भरपाई मागण्याचा पाया स्वतःच्याच हाताने काढून टाकला जातो. सूचनेच्या मुदतीचा प्रश्नही उलटा फिरतो. आता मुदत पाळावयाची जबाबदारी आपल्यावर येते. नंतर "माझ्यावर दडपण आणले" असे सिद्ध करणे अशक्य नसले तरी अवघड असते. पोर्टलवरील एक कळ दाबणे हे सही करण्याइतकेच गंभीर समजावे.

म्हणून पहिले उत्तर थोडके आणि लेखी असावे. त्याच दिवशी वाद घालण्याची गरज नाही, आणि होकार देण्याचीही नाही. ईमेलमधील मजकूर असा असू शकतो: "आपले पत्र मिळाले. मी राजीनामा दिलेला नाही. देऊ केलेल्या रकमेत सूचनेचा पगार, उपदान, रजेचा पगार, छाटणीची भरपाई आणि सानुग्रह रक्कम यांपैकी कोणती किती आहे, याचा तपशील कृपया लेखी द्यावा. करार वाचून विचार करण्यास मला सात दिवसांचा अवधी हवा आहे." या पत्रात रागाचा एकही शब्द नाही, तरी ते पोहोचल्यावर एकाच आकड्यात सर्व काही गुंडाळणे कंपनीला कठीण जाते. कार्यालयाच्या ईमेलचा वापर त्याच सायंकाळी बंद होण्याचा संभव असतो. म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, रजेची शिल्लक आणि विम्याचे कार्ड एवढे स्वतःचे कागद आधीच घरच्या पत्त्यावर घेऊन ठेवावेत. कंपनीच्या कामाचे कागद मात्र नेऊ नयेत. त्यामुळे आपलीच बाजू लंगडी होते.

सूचनेचे दिवस रोख घ्यावेत की पटावर राहावे?

सूचनेच्या मुदतीविषयी कंपनी बहुधा म्हणते, "उद्यापासून येऊ नका, दोन महिन्यांचा पगार देऊन टाकतो." रक्कम तीच असल्याने यात फरक काय, असे वाटते. फरक असा, की पैसे घेऊन सेवा त्याच दिवशी संपली तर विमा आणि भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी त्याच दिवशी थांबतात. काम नसले तरी पटावर नाव राहिले, तर ते दोन महिने सेवेतच मोजले जातात. ज्याची नोकरी चार वर्षे दहा महिने झाली आहे, त्याला हे दोन महिने पटावर मिळाले तर पाच वर्षे पूर्ण होऊन उपदानाचा हक्क निर्विवाद होतो. आपल्या उदाहरणातील घराला उपदानाची चिंता नाही. पण सासूबाईंची शस्त्रक्रिया याच दोन महिन्यांत आहे. त्यांच्यासाठी पटावर राहणे हे काही हजारांच्या वाढीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

यावरून बोलणीचे एक तत्त्व निघते. कंपनीला जे स्वस्त पडते आणि आपल्याला मोलाचे असते, ते आधी मागावे. सामूहिक विम्याचा वर्षाचा हप्ता बहुधा भरून झालेला असतो. म्हणून विमावर्ष संपेपर्यंत कुटुंबाला संरक्षण द्या, ही मागणी पुष्कळदा मान्य होण्याजोगी असते. त्याबरोबरच, संरक्षण संपण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा. सामूहिक पॉलिसीतून असे स्थलांतर करता येते, आणि जुन्या आजारांसाठी असलेल्या प्रतीक्षाकाळापैकी जो काळ पूर्ण झाला असेल तो जमेस धरला जातो. मध्ये खंड पडू दिला तर हा लाभ हातचा जातो.

भविष्यनिर्वाह निधीबाबत मागावयाची गोष्ट लहान पण महत्त्वाची आहे. कंपनीने सेवासमाप्तीची तारीख निधीच्या नोंदीत भरली पाहिजे. ती नसेल तर पैसे काढणे किंवा नव्या खात्यात नेणे अडते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख सदस्याला स्वतःही भरता येते. तरी कंपनीकडूनच वेळेवर होणे बरे.

पत्रातील मजकूर आधी ठरवावा

शिफारसपत्र हा विषय बोलणीच्या शेवटी, निघता निघता काढला जातो, आणि म्हणून निसटतो. येथे तीन निरनिराळे कागद आहेत. कार्यमुक्तीपत्र सांगते की कंपनीने तुम्हांला मोकळे केले. अनुभवपत्र सांगते की तुम्ही अमुक पदावर अमुक काळ होता. आणि शिफारसपत्र तुमच्या कामाविषयी कोणा वरिष्ठाचे मत सांगते. नवी कंपनी पहिली दोन मागतेच. त्यांच्यावाचून नेमणूक अडू शकते. शिवाय नव्या कंपनीने नेमलेली पडताळणी-संस्था जुन्या कंपनीच्या एचआर विभागाला विचारते, की ही व्यक्ती कशी गेली आणि तिला तुम्ही पुन्हा घ्याल का? हे उत्तर पत्रातून येत नाही, कंपनीच्या नोंदीतून येते. पत्रात गौरव आणि नोंदीत 'कामगिरी असमाधानकारक' असा शेरा, ही विसंगती अनेकांना पुढे नडते.

म्हणून मागणी अशी असावी: तिन्ही पत्रांचा मजकूर आधी ठरवून करारास जोडावा, सेवा संपण्याचे कारण 'पद रद्द झाल्यामुळे' असे लिहावे, आणि कंपनीच्या नोंदीत व पडताळणीच्या उत्तरात तेच कारण राहील, अशी एक ओळ करारात घालावी. शिफारसपत्राचा मसुदा आपण स्वतः लिहून दिलेला चांगला. वरिष्ठांपाशी वेळ नसतो, पण समोर आलेल्या सहा ओळींवर सही करण्यास ते सहसा कचरत नाहीत. त्या ओळींत स्तुतीपेक्षा कामाचा तपशील असावा: कोणते काम, किती वर्षे, कोणती जबाबदारी.

करारात कधी कधी एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत नोकरी करणार नाही, असे कलम असते. नोकरी संपल्यानंतरच्या काळासाठी घातलेले असे बंधन १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे आपल्याकडे सहसा टिकत नाही. तरी ते काढून टाकण्यास सांगावे. कारण न टिकणारे कलमही नव्या मालकाला बिचकवू शकते. गुप्ततेचे कलम मात्र रास्त असते, त्यावर हुज्जत घालू नये.

रकमेला नाव कोणते?

पैसा कोणत्या नावाने मिळतो यावर त्यावरचा प्राप्तिकर अवलंबून असतो. उपदान वीस लाख रुपयांपर्यंत, नोकरी सुटताना मिळणारा रजेचा पगार पंचवीस लाखांपर्यंत, आणि कामगाराला मिळणारी छाटणीची भरपाई पाच लाखांपर्यंत, ठरलेल्या सूत्राच्या मर्यादेत करमुक्त असते. सूचनेचा पगार आणि सानुग्रह रक्कम यांवर मात्र पगाराप्रमाणेच कर लागतो. सर्व रक्कम 'सानुग्रह' या एकाच नावाने घेतली तर करमुक्त भागावरही कर कापला जाण्याची भीती असते. तपशील मागण्याचे हे आणखी एक कारण.

देण्याची तारीखही लिहून घ्यावी. वेतन संहितेप्रमाणे छाटणी किंवा राजीनाम्यानंतर राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावयाचे असते, आणि उपदान तीस दिवसांत. "पंचेचाळीस दिवसांनी सर्व हिशेब होईल" ही जुनी रूढी आता वेतनापुरती कायद्याला धरून नाही.

शेवटी काय ठरले?

आपल्या उदाहरणातील बैठक पुढे कशी जाईल ते पाहू. सूनबाई आपला तपशीलवार कागद पुढे ठेवतात. एचआरचे अधिकारी म्हणतात, "तुम्ही अभियंता आहात, कामगार नव्हे, छाटणीची भरपाई आम्हांला लागू नाही." त्यावर त्या शांतपणे उत्तर देतात, "सर, तो प्रश्न कामगार खाते ठरवील. आपण येथेच मिटवणार असाल तर मला त्या नावाचा आग्रह नाही, रकमेचा आहे." अशा वाक्यात धमकी नसते; परंतु बन्नेरघट्टा रस्त्यावरील कार्मिक भवन, जेथे राज्याच्या कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, ते बनशंकरीहून फार दूर नाही, हे दोन्ही पक्ष जाणून असतात.

समजा, शेवटी असे ठरते: दोन महिने पटावर राहून पगार, उपदान आणि रजेचा पगार पूर्ण; वर दोन महिन्यांच्या पगाराइतकी म्हणजे २,४०,००० रुपये सानुग्रह रक्कम; विमावर्ष संपेपर्यंत कुटुंबाला विमा; आणि पत्रांचा मजकूर करारास जोडलेला. एकूण ८,३९,५३८ रुपये. प्रथम देऊ केलेल्या रकमेपेक्षा हे १,७९,५३८ रुपयांनी अधिक आहे, आणि शस्त्रक्रियेचा खर्च घरावर येत नाही. पण जो पूर्ण हक्क त्या सांगू शकत होत्या, त्याहून हे ३०,००० रुपयांनी कमी आहे. पुनर्कौशल्य निधीचे पैसेही छाटणी मान्य न झाल्याने सुटले, आणि सानुग्रह रकमेवर करही द्यावा लागेल. तडजोड ती हीच. आपण काय सोडले हे आकड्यांत ठाऊक असताना केलेली तडजोड आणि काहीच ठाऊक नसताना केलेली सही, यांत मोठे अंतर आहे.

अशी तडजोड प्रत्येकाने करावीच असे नाही. ज्याला लगेच दुसरी नोकरी मिळण्याजोगी आहे आणि ज्याची सेवा दीर्घ आहे, त्याला कामगार खात्याकडे समेटासाठी अर्ज करणे अधिक लाभाचे ठरू शकेल. मात्र त्यात महिने, कधी वर्षेही जातात. ज्याची सेवा वर्षाहून कमी आहे किंवा जो खरोखर व्यवस्थापक आहे, त्याच्या पहिल्या थैलीत कायद्याने फार थोडे असते. त्याने नेमणूकपत्रावरच भर द्यावा. आणि कंपनी स्वतःच बुडत असेल तर मोठ्या आकड्यापेक्षा लवकरची तारीख आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम अधिक खरी मानावी.

कोणत्याही परिस्थितीत सहीपूर्वी करारातील अखेरचे दावा-त्यागाचे वाक्य पुन्हा वाचावे, आणि त्यापुढे एवढेच शब्द घालून घ्यावेत: "भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि प्रलंबित विमा-दावे वगळून." एवढे शब्द घालण्यास कंपनीला काही खर्च येत नाही, आणि ते नसले तर पुढे साध्या विम्याच्या बिलासाठीही आपल्याच सहीचा कागद आपल्यासमोर धरला जातो.